महिन्याचा आणि तिमाहीचा आढावा : हिशोब होतो, बदल होत नाही

रेघोटी

नोकरी सांभाळून चित्रकाम करते. एप्रिलपासून दर महिन्याला कामांची यादी करते, महिन्याअखेर आढावा घेते आणि आता पहिली तिमाही संपली आहे. आकडे असे:

एप्रिल: ठरवलेली १३, झालेली ७
मे: ठरवलेली १५, झालेली ८
जून: ठरवलेली १४, झालेली ८

प्रत्येक कामापुढे अंदाजे तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास लिहिते. आढाव्याला दरवेळी तीन तास जातात, 'काय झालं नाही' याची मोठी यादी होते, पुढच्या महिन्यासाठी सात-आठ सुधारणा ठरतात आणि पुढचा महिना तसाच जातो. आता तिमाही आढावा म्हणजे हेच तीनदा करायचं का? नक्की काय तपासायचं असतं?

काठावरचा

तिमाही आढाव्यात साहेबासमोर जमलेल्या गोष्टी आधी मांडायच्या आणि राहिलेल्या शेवटी. राहिलेल्यांपुढे कारण आणि नवी तारीख तयार ठेवली की फार प्रश्न येत नाहीत. सादरीकरण पाच पानांच्या वर नेऊ नका.

रेघोटी

@काठावरचा, ऑफिसमधल्या आढाव्याबद्दल नाही विचारत. हा माझा माझ्यासाठीच आहे, साहेब कुणी नाही.

काठावरचा

अच्छा, मग माझा प्रतिसाद बाद. तरी 'नवी तारीख' तेवढी ठेवा.

टक्केवाला

तुमचं प्रमाण ५४, ५३ आणि ५७ टक्के आहे. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नियोजन किंवा शिस्त यातलं काहीतरी कमी पडतंय. दर महिन्याला पाच टक्के वाढवायचं ध्येय ठेवा, आठवड्याला आकडा बघा, महिन्याअखेर धक्का बसणार नाही. तास लिहिता आहात हे फार चांगलं. बहुतेक जण तिथेच सोडतात आणि मग आढावा आठवणीवर चालतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांचं गुणोत्तरही काढा. C मध्ये अंदाज, D मध्ये प्रत्यक्ष, E मध्ये स्थिती असेल तर:

```
=SUMIF(E2:E30,"झालं",D2:D30)/SUMIF(E2:E30,"झालं",C2:C30)
```

स्थितीचा रकाना हाताने टाइप करू नका, ड्रॉपडाउन लावा. एका ओळीत 'झालं', दुसरीत 'झाले' आणि तिसरीत शेवटी चुकून स्पेस, असं झालं की सूत्र त्या ओळी गुपचूप गाळतं आणि उत्तर मात्र व्यवस्थित दिसतं.

सावकाश

गुणोत्तराचं आणि ड्रॉपडाउनचं बरोबर. टक्क्यांचं अर्धं बरोबर.

टक्केवारीत एक तासाचं काम आणि बारा तासांचं काम यांना सारखाच एक गुण मिळतो. तो आकडा वाढवायचा ठरवला की यादी आपोआप छोट्या, सोप्या कामांनी भरते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल हेच म्हटलं होतं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी जोर दिला की त्याचं मूळचं नातं ढासळतं. घरगुती यादीलाही ते लागू पडतं.

रेघोटी, दोन गोष्टी सांगा. एक, महिन्याच्या पहिल्या दिवशीची यादी तशीच्या तशी आहे का, की मधे ओळी बदलल्या? दोन, जूनमध्ये न झालेली सहा कामं कोणती, किती तासांची आणि यादीत केव्हापासून आहेत?

पहिला प्रश्न उगाच नाही. महिनाभर जिवंत यादीतच खाडाखोड केली की शेवटी आपण यादीची तुलना तिच्याशीच करत असतो. जे जमणार नाही असं दिसलं ते २० तारखेला काढून टाकलं तर सगळं ठरल्याप्रमाणे झालेलं दिसतं. म्हणून पहिल्या दिवशी यादीची प्रत काढून ती बंद करायची. नवी कामं वेगळ्या पानावर, 'मधेच आलेलं' म्हणून.

रेघोटी

यादी गोठवलेली आहे, फोटो काढून ठेवते. मधेच आलेलं वेगळं लिहिते, पण त्याचे तास फक्त ढोबळ.

जूनचा हिशोब: हाताशी ६० तास धरले होते (कामाच्या दिवशी दोन, शनिवारी चार) आणि ६० तासांची कामं लावली. प्रत्यक्षात ठरलेल्या कामांवर ४१ तास बसले. उरलेल्या १९ पैकी साधारण ११ तास मधेच आलेल्या कामांत गेले, ८ तास बसणंच झालं नाही.

झालेली ८ कामं: अंदाज २७ तास, लागले ३६.

न झालेली ६:
- पोर्टफोलिओची वेबसाइट उभी करणे, १२ तास (४ बसले), एप्रिलपासून
- जुनी चित्रं स्कॅन करून लावून ठेवणे, ६ तास (०), एप्रिलपासून
- ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकायला घेणे, ५ तास (०), एप्रिलपासून
- एका लेखकासाठी दोन नमुना चित्रं, ८ तास (१), मेपासून
- दरपत्रक तयार करणे, १ तास (०), मेपासून
- हार्डडिस्कचा बॅकअप, १ तास (०), जूनमधलं नवं

अर्धविराम

यादी नीट वाचली का कुणी? जूनच्या १४ कामांपैकी ५ जुनी, ९ नवी. नव्या ९ पैकी ८ झाली. जुन्या ५ पैकी शून्य.

५७ टक्के असं काही नाहीच इथे. एक ८९ टक्क्यांची यादी आहे, एक शून्याची, आणि दोघींची सरासरी काढून बाईंना शिस्त लावा म्हणून सांगणं चाललंय.

टक्केवाला

मान्य, हे मी पाहिलं नव्हतं. पण मग गुणोत्तर तरी उपयोगी आहे ना? ३६ भागिले २७ म्हणजे १.३३. पुढच्या महिन्यात प्रत्येक अंदाजाला १.३३ ने गुणायचं.

सावकाश

अर्धविराम, बरोबर जागी बोट ठेवलंत. त्यावर येतो, आधी तासांचं मिटवू, कारण ते सोपं आहे.

६० तास धरले, मिळाले ४१. आणि अंदाजातला एक तास प्रत्यक्षात १.३३ तास खातो. म्हणजे ४१ तासांत अंदाजाच्या भाषेत ४१ भागिले १.३३, साधारण ३१ तासांचंच काम बसतं. यादी ६० ची होती. जून १ तारखेलाच दुप्पट भरलेला होता, महिन्यात काय घडलं याच्याशी त्याचा संबंध नाही. पडताळा पाहा: झालेल्या कामांचा अंदाज २७, आणि अर्धवट कामांवर बसलेले ५ तास म्हणजे अंदाजाचे जेमतेम ४. बेरीज ३१.

जुलैची यादी ३१ तासांची करायची, इतकंच. प्रत्येक कामाला १.३३ ने गुणत बसू नका. अंदाज सवयीप्रमाणेच लिहा आणि बेरीज ३१ ला थांबवा. अंदाज वाढवून लिहायला लागलात की पुढच्या महिन्याचं गुणोत्तर कशाचं हेच कळणार नाही.

टक्केवाला

आणि अचानक येणाऱ्या कामांसाठी वर २० टक्के मोकळे सोडायचे. म्हणजे २५.

सावकाश

नाही, ते दोनदा वजा होईल. ४१ हा आकडा मधेच आलेली ११ तासांची कामं आणि बुडालेले ८ तास जाऊनच उरलेला आहे. राखीव वेळ त्यात आलाच. राखीव वेगळा धरायचा तर ६० पासून सुरुवात करावी लागेल. दोन्हीपैकी एकच.

अर्धविराम

१.३३ वर एक शंका. ते फक्त झालेल्या कामांवरून काढलंय. जी कामं अंदाजाच्या तिप्पट ताणणार आहेत ती अजून अर्धवट पडलेली आहेत, ती या हिशोबात आलीच नाहीत. वेबसाइट संपेल त्या महिन्यात हे गुणोत्तर उडी मारेल.

सावकाश

खरं आहे, हा या सूत्राचा कायमचा दोष. १.३३ ही खालची बाजू समजा. त्यावर उपाय तिमाहीत होतो: काम ज्या महिन्यात संपलं त्यात त्याचे सगळे महिन्यांचे तास धरायचे आणि तीन महिन्यांचं एकच गुणोत्तर काढायचं. तरी एखादं राक्षसी काम सगळा आकडा ओढून नेतं. अशा वेळी प्रत्येक कामाचं वेगळं गुणोत्तर काढून ओळीने लावा आणि मधलं घ्या.

आपले अंदाज कमी पडतात यात नवल काही नाही. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत संपेल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस, लागले ५५.५. 'सगळं बिघडलं तर किती' या प्रश्नाचं उत्तरही ४८.६ च होतं. म्हणून 'या वेळी नीट अंदाज करेन' हा आढाव्यातला बदल म्हणून लिहू नका. त्याने काही होत नाही. मागचा आकडा वापरा.

निळी शाई

मधेच विचारते. माझं काम तक्रारींवर चालतं. फोन आला की उठायचं. गेल्या महिन्यात १६० तासांपैकी १०० च्या आसपास मधेच आलेल्या कामात गेले. ठरवलेल्या कामांचा आढावा घेऊन मला काय मिळणार? दर महिन्याला 'झालं नाही' एवढंच लिहिलेलं असतं.

सावकाश

@निळी शाई, तुमच्याकडे उलटं करायचं. योजना ६० तासांचीच. आढावा मात्र त्या १०० तासांचा. त्या तक्रारी कोणत्या प्रकारच्या होत्या ते चार-पाच ढिगांत लावा. महिनाभर प्रत्येक तक्रारीला फक्त एक शब्द लिहिला तरी पुरतं. तीन महिन्यांनी एकाच ढिगात ३०-४० तास दिसले तर तो ढीग 'मधेच आलेला' राहिला नाही, तो दर महिन्याला येतोच. मग तो योजनेत घ्या किंवा त्याचं मूळ बंद करायचं काम योजनेत घ्या.

निळी शाई

ढीग करता येतील. पण मूळ बंद करणं माझ्या हातात नाही, ते दुसऱ्या विभागाचं आहे.

सावकाश

मग तासांचा आकडा त्यांच्यापुढे ठेवता येईल, त्याहून जास्त आढावा काही करू शकत नाही.

रेघोटी

३१ तासांचं पटलं, थोडं वाईटही वाटलं. पण मग जुनी पाच कामं कधी होणार? त्यांचाच अंदाज ३२ तास आहे. ती घेतली तर नवं काहीच नको.

टक्केवाला

सोपं आहे. जागाच नव्हती म्हणून राहिली. जुलैमध्ये जुनीच पाच घ्या, नवं बंद.

अर्धविराम

जागा नव्हती हे वेबसाइटला लागू पडेल. दरपत्रक एक तासाचं आहे आणि दोन महिने पडून आहे. ४१ तासांत एक तासाला जागा नव्हती असं म्हणता येणार नाही.

सावकाश

इथेच खरा आढावा सुरू होतो. आत्तापर्यंत बेरीज-वजाबाकी झाली. 'झालं नाही' हा एकच शेरा ठेवला की त्यातून काही सुचत नाही, कारण त्यात चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. प्रत्येक राहिलेल्या कामापुढे कारण लिहायचं आणि ते चारांतलं एकच:

जागा नव्हती.
दुसऱ्याकडे अडलं.
काम कामासारखं लिहिलेलंच नाही.
करायचं नाहीये, पण कबूल करवत नाही.

तुमच्या पाचांना लावून पाहा. लेखकाची नमुना चित्रं कुणाकडे अडली आहेत का? दरपत्रकात काय ठरायचं बाकी आहे? वेबसाइटवर चार तास बसलात तेव्हा नक्की काय केलं?

रेघोटी

लेखकाकडून मजकूर यायचा आहे. मेमध्ये एकदा विचारलं होतं.

दरपत्रक... दर किती लावायचा तेच ठरत नाही. लिहायला खरंच तास पुरेल.

वेबसाइटसाठी चार तास वेगवेगळे साचे बघत होते. कोणती चित्रं टाकायची हे ठरलं नसल्याने कुठलाच साचा बरा वाटेना.

सावकाश

म्हणजे जुन्या पाचांपैकी निदान तिघांना तासांनी काही होणार नाही.

नमुना चित्रं दुसऱ्याकडे अडली आहेत. ते आठ तास तुमच्या ३१ मध्ये धरायचेच नाहीत. त्यांच्या जागी 'लेखकाला विचारणे' हे दहा मिनिटांचं काम आणि एक तारीख. मजकूर आला तर ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात आठ तास. काठावरच्यांची 'नवी तारीख' इथे कामाला आली.

दरपत्रक हे टायपिंगचं काम म्हणून लिहिलंय आणि आत निर्णय दडलाय. 'मागच्या पाच चित्रांना प्रत्येकी किती तास लागले ते काढणे' हे काम आहे, त्याला सुरुवात आणि शेवट आहे. ते तास तुमच्याकडे लिहिलेलेच आहेत. त्यानंतर दर ठरवायला पंधरा मिनिटं द्या.

वेबसाइट उभी करणे हे तर कामाचं नाव नाहीच, ते परिणामाचं नाव. 'बारा चित्रं निवडणे, दोन तास' हे जुलैचं काम. साचा निवडणं त्यानंतर. आधी केलंत म्हणून चार तास गेले.

ओळखायची खूण अशी: काम दुसऱ्यांदा पुढे ढकललं जातंय तर त्याच शब्दांत पुढच्या यादीत उतरवायचं नाही. शब्द बदलले, तुकडा केला, तारीख आली किंवा काम खोडलं, यातलं एक व्हायलाच हवं. हुबेहूब उतरवलेली ओळ म्हणजे त्या कामाचा आढावा झालाच नाही.

रेघोटी

आणि स्कॅनिंग व ॲनिमेशन?

अर्धविराम

तीन महिने शून्य तास. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

रेघोटी

ॲनिमेशन खोडते. स्कॅनिंग खोडवत नाही, पण पोर्टफोलिओसाठी निवडलेली बारा चित्रं तेवढीच स्कॅन करता येतील.

टक्केवाला

ही कारणं महिन्याअखेर आठवतात का? माझ्याकडे कारणाचा रकाना आहे आणि त्यात सगळीकडे 'वेळ मिळाला नाही' भरलेलं आहे.

सावकाश

महिन्याअखेर भरला की तसंच होतं. तेव्हा शेवटचा आठवडा तेवढा आठवतो आणि तो धावपळीचा असला की सगळ्या महिन्याचं कारण धावपळ. काम ज्या दिवशी पुढे ढकललं त्याच दिवशी चार शब्द लिहा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा पाच मिनिटं. असं केलं की महिन्याचा आढावा पाऊण तासात होतो. दहा मिनिटं आकडे, वीस मिनिटं राहिलेल्यांची कारणं, पंधरा मिनिटं पुढची यादी. तीन तास लागतात कारण महिनाभर न लिहिलेलं त्या दिवशी आठवून लिहिलं जातं.

आणि सुधारणा सात-आठ नकोत, एक. फार तर दोन. आढाव्याचा पहिला प्रश्न 'मागच्या महिन्यात ठरवलेला बदल केला का' हा, कामांची यादी उघडायच्या आधी. केला नसेल तर नवा बदल ठरवायचा नाही, तोच पुढे, किंवा तो का झाला नाही ते पाहायचं. सात ठरवले की कुठला केला हेही आठवत नाही आणि फरक पडला तर कशाने पडला ते कळत नाही.

टक्केवाला

एकच बदल केला आणि ८ ची ९ कामं झाली, तर बदल लागू पडला म्हणायचं?

सावकाश

नाही. ७, ८, ८, ९ ही नेहमीची हेलकावण झाली. १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी कारखान्यातल्या मालासाठी नियंत्रण तक्ता मांडला तो याच अडचणीसाठी: नेहमीची चढउतार कोणती आणि खरोखर काही बिघडलं किंवा सुधारलं ते कोणतं. तीन महिन्यांच्या तीन ठिपक्यांवर तसा तक्ता होत नाही, पण सावधपणा तोच ठेवा. बदलाचा परिणाम कामांच्या संख्येत शोधू नका, ज्या कारणासाठी बदल केला त्या कारणात शोधा. 'दुसऱ्याकडे अडलं' हा शेरा चार जागी होता, विचारायची तारीख लावल्यावर एकच उरला, तर लागू पडला.

निळी शाई

तिमाहीचं राहिलं. महिन्याला हे सगळं करून झाल्यावर तिमाहीत काय उरतं?

सावकाश

महिन्याचा आढावा कामं कशी झाली ते बघतो. ही कामं यादीत का आहेत ते तो विचारत नाही. विचारू नयेही, नाहीतर दर महिन्याला दिशा बदलेल. तिमाहीला तेवढंच विचारायचं. रेघोटी, एप्रिलमध्ये तिमाहीचा हेतू काय लिहिला होता? आणि तीन महिन्यांचे मिळून तास किती, त्यातले त्या हेतूवर किती?

रेघोटी

हेतू: 'पोर्टफोलिओ तयार करून त्यावरून दोन नवी चित्रकामं मिळवणे.'

तास: एप्रिल ४३, मे ३८, जून ४१. एकूण १२२. वेबसाइटवर ३, २ आणि ४, मिळून ९. नमुना चित्रांवरचा १ धरला तर १०.

हे मी आत्ता पहिल्यांदा काढलं.

सावकाश

१२२ पैकी ९, म्हणजे साधारण ७ टक्के. हा आकडा तीन मासिक आढाव्यांत कुठेच दिसला नाही, कारण तिथे प्रत्येक महिना आपल्यापुरता बरा होता, सात-आठ कामं झालेली होती. तिमाहीचा आढावा याच एका आकड्यासाठी.

आता दोनच रस्ते. हेतू खरा असेल तर जुलैच्या ३१ पैकी निदान १५ तास त्याचे, आणि ते यादीत आधी लिहायचे, बाकीची कामं उरलेल्या १६ मध्ये. किंवा बाकीचे ११३ तास ज्यात गेले तेच महत्त्वाचं असेल, तर हेतूचं वाक्य बदला. दोन्ही चालतं. वाक्य तसंच ठेवून तास दुसरीकडे जात राहिले तर पुढच्या तिमाहीत हाच आकडा परत येईल.

पद्धत म्हणाल तर दीड-दोन तास, मासिक आढाव्याच्या दिवशी नको. आधी तिमाहीचं हेतूचं वाक्य वाचा, मग तीन महिन्यांत ठरवलेले बदल, आणि कामांच्या याद्या सगळ्यात शेवटी. याद्या आधी उघडल्या की माणूस राहिलेली कामं मोजत बसतो.

अर्धविराम

९ तासांत थोडं सांभाळून. झालेल्या आठ कामांतली काही चित्रं पोर्टफोलिओत जाणारीच असतील. ते तास हेतूचे धरायचे की नाही?

रेघोटी

तीन चित्रं जातील. मिळून २२ तास.

सावकाश

धरायचे असतील तर आधी ठरवून धरा. तिमाही संपल्यावर धरायला लागलं तर प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या हेतूला चिकटवता येतं. जुलैपासून यादी लिहितानाच प्रत्येक ओळीपुढे हेतूची खूण करा.

अर्धविराम

हे मला पूर्ण पटत नाही. चित्रं नसतील तर पोर्टफोलिओत टाकणार काय? ३१ तास धरले तर २५ टक्के होतात आणि मग गोष्ट वेगळी दिसते: चित्रं होताहेत, ती बाहेर पडत नाहीत. 'हेतूवर वेळच दिला नाही' हे निदान निराळं आणि 'शेवटचं पाऊल अडतंय' हे निराळं.

सावकाश

तुमचं निदान जास्त नेमकं आहे, ते घेतो. आकडा मात्र ७ च लिहून ठेवा असं अजूनही म्हणेन, आणि त्याच्याखाली २२ तासांची टीप. दोन तिमाहींची तुलना करताना मोजायची पद्धत एकच हवी.

टक्केवाला

तिमाही महिन्यांनी धरावी की १३ आठवड्यांनी? महिन्यात कधी चार शनिवार येतात कधी पाच. रेघोटींकडे शनिवारचे चार तास आहेत, म्हणजे नुसत्या कॅलेंडरनेच चार तासांचा फरक.

निळी शाई

माझं पाळीचं वेळापत्रक चार आठवड्यांचं असतं. मला महिना कधी जुळतच नाही.

सावकाश

तुम्हाला चार आठवड्यांचा 'महिना' बरा. बाकीच्यांना महिनाच सोपा, कारण सगळ्या तारखा त्यात असतात. टक्केवाला म्हणतात तो फरक खरा आहे, पण हाताशी असलेले तास दर महिन्याला शनिवार मोजून काढले की भागतं.

टक्केवाला

मी १३ आठवड्यांवरच राहतो. चार, चार, पाच असे भाग पाडले की तुलना स्वच्छ होते.

अर्धविराम

पाच आठवड्यांच्या भागाची चारशी तुलना स्वच्छ कशी होते ते एकदा दाखवा.

टक्केवाला

तिमाहीची तिमाहीशी हो! भागांची नाही.

रेघोटी

जुलैची यादी, गोठवायच्या आधी टाकते. अंदाजाचे ३१ तास:

हेतूची खूण असलेली (१५): बारा चित्रं निवडणे २, ती स्कॅन करणे ३, साचा निवडून चित्रं चढवणे ६, चित्रांखालचा मजकूर ३, मागच्या पाच चित्रांचे तास काढून दर ठरवणे १.
बाकीची (१६): नवी तीन चित्रं १५, बॅकअप १.
अडलेलं, तासांत न धरलेलं: लेखकाला ५ तारखेला विचारणे.
एकच बदल: काम ढकललं त्याच दिवशी कारण लिहिणे.

अर्धविराम

चित्रांखालच्या मजकुराला ३ तास आहेत. त्यात कुठला निर्णय दडलाय का ते बघा. मराठीत लिहायचा की इंग्रजीत, हे ठरलंय?

रेघोटी

नाही ठरलेलं. ओळीचे दोन तुकडे करते.